शनिवार पहाटेची फी

20 एप्रिल 2024, शनिवार. भारतात पहाटेचे 5 वाजून 39 मिनिटं झाली होती, तेव्हा बिटकॉइनच्या साखळीत 8,40,000 क्रमांकाचा ब्लॉक जोडला गेला. साधारण चार वर्षांनी एकदा येणारं ‘हाविंग’ याच ब्लॉकला झालं. मायनरला दर ब्लॉकमागे मिळणारी नवी नाणी 6.25 वरून 3.125 वर आली. याची कल्पना सगळ्यांना आधीपासून होती. पण त्याच ब्लॉकपासून ‘रून्स’ ही नवी टोकनं तयार करण्याची पद्धतही सुरू झाली आणि आपल्या टोकनचं नाव सर्वांत आधी नोंदवायला लोकांची झुंबड उडाली. त्या एका ब्लॉकमध्ये मायनरला फीपोटी 37.6 बिटकॉइन मिळाले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 24 लाख डॉलर. त्या दिवशी एका व्यवहाराची सरासरी फी सव्वाशे डॉलरच्या पुढे गेली.

रून्सशी काही देणंघेणं नसलेले लोकही त्या गर्दीत सापडले. त्यातले काही तर झोपेत होते. त्यांनी आपलं काम एका छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवलेलं होतं. असा प्रोग्रॅम दर आठवड्याला एक्स्चेंजवर थोडं बिटकॉइन विकत घेतो, ते स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतो आणि ठरलेल्या वेळी साठलेली नाणी दुसऱ्या वॉलेटमध्ये किंवा विक्रीसाठी परत एक्स्चेंजवर पाठवतो. वेळ बहुधा शनिवार-रविवारची ठेवलेली असते, कारण सुट्टीच्या दिवशी गर्दी कमी आणि फीही कमी, हा अनेकांचा अनुभव. एरवी तो चुकीचाही नाही. पण घड्याळ पाहून निघणारा आणि फी न पाहणारा प्रोग्रॅम त्या शनिवारी सकाळी सहाला निघाला असता, तर त्याचं काय झालं असतं?

हे कळायला बिटकॉइनची फी कशावर बसते ते आधी पाहावं लागतं. बँकेतून पैसे पाठवताना शुल्क साधारणपणे रकमेवर ठरतं. बिटकॉइनमध्ये रकमेचा फीशी संबंध नाही. फी बसते ती व्यवहाराच्या नोंदीने ब्लॉकमध्ये किती जागा घेतली त्यावर. ही जागा ‘व्हर्च्युअल बाइट’मध्ये मोजतात, पडद्यावर ती vB अशी दिसते. दर बाइटमागे किती सातोशी द्यायचे हा झाला दर, म्हणजे sat/vB. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो आणि त्यात साधारण दहा लाख व्हर्च्युअल बाइट मावतात. ही जागा मागणी वाढली म्हणून वाढत नाही. जागेची वाट पाहणारे व्यवहार ‘मेमपूल’मध्ये थांबतात आणि मायनर त्यांतले जास्त दर देणारे आधी उचलतो. फी म्हणजे या जागेचा लिलाव आहे, त्यामुळे कुणा तिसऱ्याच्या उत्साहाचा भुर्दंड आपल्यालाही पडतो.

आता व्यवहार जड कशामुळे होतो ते पाहू. वॉलेटमध्ये ‘शिल्लक’ म्हणून एकच आकडा दिसतो, पण साखळीवर ती शिल्लक वेगवेगळ्या तुकड्यांत असते. प्रत्येक वेळी आलेली रक्कम हा एक स्वतंत्र तुकडा. बावन्न आठवडे दर आठवड्याला रक्कम काढली, तर वॉलेटमध्ये बावन्न तुकडे जमतात. ते सगळे एकदम पाठवायचे, तर किराणा दुकानात चिल्लरीची पिशवी उपडी करण्यासारखा प्रकार होतो: प्रत्येक तुकड्याचा वेगळा उल्लेख आणि वेगळी सही नोंदीत द्यावी लागते. सध्या सर्रास वापरात असलेल्या, bc1q ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरचा एक तुकडा खर्च करायला सुमारे 68 व्हर्च्युअल बाइट लागतात. पैसे ज्या पत्त्यावर जाणार त्याचे 31 आणि नोंदीच्या वरखर्चाचे साडेदहा.

हिशेब मांडून पाहू. समजा वॉलेटमध्ये 0.001 बिटकॉइनचे 52 तुकडे आहेत. एकूण 0.052 बिटकॉइन. एप्रिल 2024 मध्ये एका बिटकॉइनचा भाव 64 हजार डॉलरच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम रुपयांत पावणेतीन लाखांच्या घरात जाते. व्यवहाराचं वजन होतं 52 गुणिले 68, अधिक 31, अधिक साडेदहा, म्हणजे अंदाजे 3,578 व्हर्च्युअल बाइट. दर 5 सातोशी असेल, तर फी 17,890 सातोशी, सुमारे साडेनऊशे रुपये. रकमेच्या मानाने एक टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा, चालण्यासारखी. हाविंगच्या सकाळी दर शेकड्यांत होता आणि काही काळ हजाराच्याही वर गेला. सावधपणे 500 धरला, तरी त्याच व्यवहाराची फी 17,89,000 सातोशी होते. म्हणजे सुमारे 95 हजार रुपये. पावणेतीन लाखांतले 95 हजार, तेही आपलीच नाणी आपल्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये नेण्यासाठी.

या हिशेबात आणखी एक गंमत दडलेली आहे. तेच 0.052 बिटकॉइन एका अखंड तुकड्यात असते, तर व्यवहाराचं वजन जेमतेम 110 भरलं असतं. मालकाने ठरवलं आहे की फी रकमेच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा, म्हणजे 26,000 सातोशींपेक्षा, जास्त द्यायची नाही. एका तुकड्याच्या व्यवहाराला ही मर्यादा दर 236 होईपर्यंत पुरते. बावन्न तुकड्यांच्या व्यवहाराला ती दर 7 ला असतानाच संपते. रक्कम तीच, मालक तोच, नेटवर्कही तेच. म्हणून ‘दर 20 च्या खाली असेल तर पाठव’ असा सरसकट नियम प्रोग्रॅममध्ये लिहून भागत नाही. हा नियम एका व्यवहाराला उगाच अडवतो आणि दुसऱ्याला उगाच सोडतो. नजर ठेवायची ती दर आणि वजन यांच्या गुणाकारावर, आणि तो गुणाकार रकमेशी ताडून.

दर कळण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. स्वतःचा बिटकॉइन नोड चालवणारे `estimatesmartfee` ही आज्ञा वापरतात. ती आतापर्यंत कोणत्या दराचे व्यवहार किती ब्लॉकांत मार्गी लागले याच्या अनुभवावरून अंदाज बांधते. त्यामुळे दर अचानक चढला की ती मागे पडते आणि गर्दी ओसरल्यावरही काही काळ चढाच आकडा सांगत राहते. दुसरी वाट mempool.space सारख्या सेवेची. ती या क्षणी रांगेत कोण किती दर देऊन उभं आहे ते पाहून आकडा सांगते. दोन्हींची उत्तरं जवळपास जुळली तर ठीक, फार फरक पडला तर परिस्थिती बदलते आहे असं समजून थांबलेलं बरं.

एक फसवा भाग इथे लक्षात ठेवावा लागतो. नोडचं उत्तर सातोशी आणि बाइट या एककांत येत नाही, ते बिटकॉइन प्रति हजार व्हर्च्युअल बाइट असं येतं. तिथे 0.00005 दिसलं, तर त्याचा अर्थ 5 sat/vB. म्हणजे एक लाखाने गुणायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक शून्य जास्त धरलं, तर व्यवहार दहापट महाग होतो. एक कमी धरलं, तर तो रांगेच्या शेपटाशी जाऊन बसतो.

तपासणीचा गाभा मात्र अगदी लहान असतो. पायथॉनमध्ये तो असा लिहिता येईल:

```python
import requests

def may_send(amount_sat, inputs, outputs=1, share=0.005):
    url = "https://mempool.space/api/v1/fees/recommended"
    r = requests.get(url, timeout=10)
    r.raise_for_status()
    rate = r.json()["halfHourFee"]
    vsize = 11 + 68 * inputs + 31 * outputs
    fee = rate * vsize
    return fee <= amount_sat * share, rate, fee
```

इथे `halfHourFee` म्हणजे सुमारे अर्ध्या तासात व्यवहार ब्लॉकमध्ये जावा असं वाटत असेल तर द्यायचा दर. त्याच उत्तरात `fastestFee`, `hourFee` आणि `economyFee` हेही आकडे येतात. नाणी एका वॉलेटमधून दुसऱ्यात नुसती सरकवायची असतील, तर पहिल्या ब्लॉकसाठी बोली लावण्याचं कारण नाही, `economyFee` पुरतो. या तुकड्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र `raise_for_status` ची. सेवेने उत्तर दिलं नाही, किंवा चुकीचं दिलं, तर प्रोग्रॅमने तिथेच थांबायला हवं. ‘उत्तर नाही आलं तर 50 दर धर’ अशी सोय ठेवण्याचा मोह होतो, पण ही सेवा नेमकी गर्दीच्या वेळीच अडखळण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा मनाने धरलेला कोणताही आकडा चुकीचाच ठरतो.

दर बरोबर वाचला तरी एक धोका उरतो, आणि त्याचं उदाहरण चांगलंच गाजलं. 10 सप्टेंबर 2023 रोजी साखळीवर एक व्यवहार दिसला: पाठवलेली रक्कम 0.074 बिटकॉइन, दिलेली फी 19.8 बिटकॉइन. दोन हजार डॉलर पोचवायला पाच लाख डॉलर. हा कुणा नवख्याचा घोटाळा असेल असं सुरुवातीला वाटलं, पण तो व्यवहार पॅक्सॉस या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीचा निघाला. एका हस्तांतरणातल्या सॉफ्टवेअरच्या दोषामुळे हे झालं, असं कंपनीने सांगितलं. तो ब्लॉक काढणाऱ्या एफटूपूल या मायनिंग पूलने फी परत केली. हा त्यांचा चांगुलपणा होता. परत देण्याचं कोणतंही बंधन नेटवर्कच्या नियमांत नाही.

असं होऊ शकतं, कारण बिटकॉइनच्या व्यवहारात ‘फी’ नावाचा रकानाच नसतो. तुकड्यांची बेरीज वजा बाहेर जाणाऱ्या रकमांची बेरीज, जे उरेल ते मायनरचं. तुकडा मोठा असेल आणि पाठवायची रक्कम छोटी असेल, तर उरलेले पैसे स्वतःच्याच पत्त्यावर परत घ्यावे लागतात. प्रोग्रॅम ही परतीची ओळ विसरला किंवा तिच्यात चुकीचा आकडा घालून बसला, तर नेटवर्कला त्यात काहीच वावगं दिसत नाही. म्हणून सही होण्याच्या अगदी आधी, आत जाणारं आणि बाहेर येणारं यांतला फरक पुन्हा मोजून तो एका ठाम मर्यादेशी ताडणारी तपासणी वेगळी ठेवतात. फीचा अंदाज ज्या कोडने काढला त्या कोडवर तिने विसंबायचं नसतं. बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी एक मर्यादा मुळातच आहे: त्यातलं वॉलेट 0.10 बिटकॉइनपेक्षा जास्त फी आपणहून देत नाही. पण छोट्या रकमांच्या माणसासाठी ही मर्यादा असून नसल्यासारखी. वरच्या उदाहरणातले सगळे 0.052 बिटकॉइन फीमध्ये गेले असते, तरी तिने हूं की चूं केलं नसतं.

आतापर्यंतचं सगळं स्वतःच्या वॉलेटमधून बाहेर पडणाऱ्या नाण्यांबद्दल झालं. एक्स्चेंजवरून वॉलेटकडे येताना गणित निराळं असतं. तिथे व्यवहार एक्स्चेंज तयार करतं, अनेक ग्राहकांची पैसे काढण्याची मागणी एकाच व्यवहारात घालतं आणि ग्राहकाकडून आपण ठरवलेली रक्कम घेतं. नेटवर्कचा दर उतरला म्हणून ती लगेच उतरेल असं नाही. त्यामुळे या दिशेला मेमपूलपेक्षा एक्स्चेंजचा स्वतःचा दरतक्ता वाचायला हवा, आणि त्याबरोबर पैसे काढण्याची सोय या घडीला चालू आहे की नाही हेही.

हा दुसरा प्रश्न फुकाचा नाही. मे 2023 मध्ये बीआरसी-20 नावाच्या टोकनांची लाट आली आणि मेमपूल तुडुंब भरला. बायनान्स या जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजने 7 आणि 8 मे या दिवसांत बिटकॉइन काढण्याची सोय थांबवली. फी एवढी चढेल हे आपल्या ठरलेल्या दरात धरलं नव्हतं, असं कंपनीने उघडपणे कबूल केलं. तिचेच व्यवहार कमी फीमुळे रांगेत अडकले होते आणि ते जास्त फी देऊन बदलावे लागले. एवढ्या मोठ्या पेढीची ही गत झाली, तर घरच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमने ‘पैसे निघाले’ असं नुसतं गृहीत धरू नये. खरेदी झाली, वॉलेटकडे पाठवण्याची विनंतीही गेली, पण व्यवहाराचा क्रमांकच मिळाला नाही, अशी स्थिती तेव्हा अनेकांच्या वाट्याला आली असणार. पुढचा टप्पा सुरू करण्याआधी वॉलेटमध्ये तो तुकडा प्रत्यक्ष आला का, आणि त्यावर किती कन्फर्मेशन झाली, हे पाहणं हाही फीवरच्या नजरेचाच भाग आहे.

कमी फी देऊन अडकलेल्या व्यवहाराचं पुढे काय होतं? तो नाहीसा होत नाही आणि परतही येत नाही. नोडची नेहमीची मांडणी असेल, तर चौदा दिवसांनी तो मेमपूलमधून काढून टाकला जातो. मेमपूल फारच भरला, तर त्याआधीही. तोवर ते तुकडे अडकलेले. प्रोग्रॅमला हे ठाऊक नसेल, तर पुढच्या शनिवारी तो तेच तुकडे घेऊन दुसरा व्यवहार करायला जातो, नोड त्याला नकार देऊ शकतो, आणि मालकाला फक्त एक अनाकलनीय चुकीचा संदेश दिसतो.

अडकलेल्या व्यवहाराला बाहेर काढायच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे तोच व्यवहार जास्त फी घालून पुन्हा पाठवणं, ज्याला आरबीएफ म्हणतात. दुसरी, त्या व्यवहारातून आपल्याकडे परत आलेला तुकडा भरपूर फी देऊन खर्च करणं. मग दुसऱ्याच्या फीच्या लोभाने मायनर पहिल्यालाही उचलतो. पण वरच्या उदाहरणात सगळे बावन्न तुकडे एक्स्चेंजच्या पत्त्यावर पाठवले, तर परत येणारा तुकडा उरतच नाही आणि दुसरी रीत बंद होते. आरबीएफ मात्र चालते, फक्त त्यात व्यवहाराचा क्रमांक बदलतो. जुना क्रमांक वहीत लिहून त्याचीच वाट पाहत बसणारा प्रोग्रॅम मग आठवडाभर ‘पैसे पोचले नाहीत’ म्हणत राहतो, आणि इकडे ते कधीच एक्स्चेंजवर जमा झालेले असतात.

इथरियमवर चित्र थोडं वेगळं आहे आणि एका बाबतीत सोयीचंही. ऑगस्ट 2021 पासून तिथे दर ब्लॉकला एक मूळ फी नेटवर्कच ठरवतं. मागचा ब्लॉक पूर्ण भरलेला असला, तर ती साडेबारा टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे फार वाटत नाही, पण तिथे ब्लॉक बारा सेकंदांनी येतो. सलग दहा ब्लॉक भरले, तर दोन मिनिटांत फी सव्वातीनपट होते. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी पाहिलेला दर शिळा. सोय अशी की आपली कमाल मर्यादा `maxFeePerGas` म्हणून व्यवहारातच लिहिता येते. दर त्याच्या वर असेपर्यंत व्यवहार थांबून राहतो, जास्त पैसे मात्र जात नाहीत. अर्थात ही मर्यादाही कुणीतरी कोडमध्येच लिहायची असते. 27 सप्टेंबर 2021 रोजी डेव्हर्सीफाय या सेवेत एक लाख डॉलरची टोकनं जमा करताना 7,676 इथर फी गेली, म्हणजे त्या वेळचे दोन कोटी डॉलरहून जास्त. फीच्या नव्या पद्धतीचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच दोष होता. त्याही मायनरने जवळपास सगळे पैसे परत केले. नशीब म्हणायचं.

भारतातल्या वापरणाऱ्यांना या खर्चाचा आणखी एक चिमटा बसतो. 1 एप्रिल 2022 पासून आभासी चलनाच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्या नफ्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. वॉलेटमधून एक्स्चेंजवर न्यायला गेलेले 950 रुपये असोत की 95 हजार, करपात्र नफा तेवढाच राहतो.

उरतो तो वाट पाहण्याचा प्रश्न. फी जास्त आहे म्हणून प्रोग्रॅम थांबला, हे ठीक. पण किती दिवस? नाणी नुसती एका तिजोरीतून दुसरीत न्यायची असतील, तर दोन आठवडे थांबूनही काही बिघडत नाही. हाविंगनंतरच्या काही दिवसांतच दर बराच उतरला होता, आणि 2025 मध्ये तर कित्येक दिवस तो 1-2 सातोशींवर रेंगाळत होता. अशा स्वस्ताईतच बावन्न तुकडे एकत्र करून ठेवले, तर पुढच्या गर्दीत 3,578 ऐवजी 110 बाइटचा व्यवहार हाती असतो. आठवड्याऐवजी महिन्यातून एकदाच एक्स्चेंजवरून रक्कम काढली, तर वर्षाकाठी तुकडेच मुळात बारा होतात.

पण एक्स्चेंजवर कर्ज काढून सौदा केलेला असेल आणि तारणात भर टाकायला नाणी तातडीने हवी असतील, तर वाट पाहण्याची किंमत फीपेक्षा मोठी असू शकते. तिथे अर्ध्या टक्क्याची मर्यादा आंधळेपणाने पाळणारा प्रोग्रॅम फी वाचवतो आणि सौदा घालवतो. म्हणून जाणकार लोक दोन मर्यादा ठेवतात. पहिलीखाली असेल तर व्यवहार आपोआप जातो. पहिली आणि दुसरी यांच्या मधे असेल, तर दर, वजन, फी आणि रकमेशी तिचं प्रमाण हे चार आकडे मोबाइलवर येतात आणि होकार माणूस देतो. दुसरीच्या वर मात्र प्रोग्रॅमला कुणाचा होकारही चालत नाही. कोडमधली मर्यादा बदलल्याशिवाय तो हलत नाही, आणि ती बदलायला संगणकासमोर येऊन बसावं लागतं.